राजीनाम्याने रिकामी झालेली खुर्ची

पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी कंपनीचे इतिवृत्ताचे पुस्तक काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर आले. कंपनी सचिव म्हणून असली पुस्तके वाचणे हे माझे रोजचेच काम. एका पानावर तीन ओळींचा ठराव होता : जुन्या लेखापरीक्षकांनी काम सोडल्याने त्यांच्या जागी अमुक सनदी लेखापालांची पुढील पाच वर्षांसाठी नेमणूक करण्यात येत आहे. खाली अध्यक्षांची सही. त्या तीन ओळींत तीन चुका होत्या आणि तिन्ही महाग पडणाऱ्या होत्या. 'काम सोडल्याने' म्हणजे नेमके कशाने, ते लिहिलेले नव्हते. पाच वर्षांची मुदत द्यायचा संचालक मंडळाला अधिकारच नव्हता. आणि ज्यांची मान्यता हवी होती त्या भागधारकांचा उल्लेखही नव्हता. दोन वर्षांनी ती कंपनी बँकेकडे मोठ्या कर्जासाठी गेली, तेव्हा बँकेच्या वकिलाने हेच पान काढून विचारले, "मग या दोन वर्षांच्या ताळेबंदांवर सही करणारे लेखापरीक्षक नेमले कोणी?"

उत्तर द्यायला आम्हाला चार महिने लागले. तेव्हापासून हा ठराव मी कुणालाही घाईत लिहू देत नाही.

वैधानिक लेखापरीक्षक हा कंपनीच्या हिशेबांवर कायद्याने नेमलेला तपासनीस. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे त्याला नेमतात भागधारक, वार्षिक सर्वसाधारण सभेत, आणि साधारणपणे पाच वर्षांसाठी. संचालक रोजचा कारभार पाहतात, पैसा त्यांच्या हातून जातो; म्हणून त्यांच्या हिशेबावर नजर ठेवणारा माणूस त्यांनी स्वतः निवडू नये, असा त्यामागचा विचार. पण मुदत संपायच्या आत लेखापरीक्षकाची जागा मधेच रिकामी झाली, तर पुढच्या सभेपर्यंत कंपनीला तपासनीसाशिवाय ठेवता येत नाही. अशा अचानक रिकाम्या झालेल्या जागेसाठी कायद्याच्या कलम १३९ मधले पोटकलम ८ आहे. ते संचालक मंडळाला तात्पुरता अधिकार देते : तीस दिवसांत जागा भरा. सरकारी कंपनी असेल तर हा अधिकार भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा. त्यांनी तीस दिवसांत नेमणूक केली नाही, तरच पुढच्या तीस दिवसांत मंडळाने करायची.

जागा 'अचानक रिकामी' होणे म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. एकटेच काम करणाऱ्या सनदी लेखापालांचे निधन झाले, त्यांची संस्था विसर्जित झाली, त्यांच्यात कायद्याने ठरवलेली एखादी अपात्रता निर्माण झाली किंवा त्यांनी राजीनामा दिला, तर जागा अशी रिकामी होते. भागीदारी संस्था नेमलेली असेल आणि तिच्यातल्या एका भागीदाराचे निधन झाले, तर मात्र जागा रिकामी होत नाही, कारण नेमणूक संस्थेची असते. ठरलेली मुदत पूर्ण झाली तर तीही अचानक रिकामी झालेली जागा नव्हे. आणि कंपनीने स्वतः लेखापरीक्षकाला मुदतीआधी काढले, तर ती गोष्टच निराळी.

ही निराळी गोष्ट जरा थांबून पाहायला हवी, कारण ठरावातल्या सगळ्या अटींचे मूळ तिथे आहे. मुदतीआधी लेखापरीक्षकाला काढायचे तर कायद्याने वाट मुद्दाम खडतर ठेवली आहे. आधी केंद्र सरकारची परवानगी आणायची, मग भागधारकांच्या सभेत विशेष ठराव, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने हवीत, आणि त्याआधी त्या लेखापरीक्षकाला आपली बाजू मांडायची वाजवी संधी. एवढे सव्यापसव्य कोण करील? नकोसा झालेला तपासनीस घालवायची सोपी युक्ती म्हणजे त्याच्याकडून राजीनामा लिहून घेणे. कागदपत्रे वेळेवर द्यायची नाहीत, फी अडवायची, फोन उचलायचा नाही. माणूस कंटाळून आपणहून जातो. कधी याच्या अगदी उलट घडते : हिशेबात काहीतरी खटकले म्हणून लेखापरीक्षकच हात झटकून बाहेर पडतो. २०१८ मध्ये वक्रांगी आणि मनपसंद बेव्हरेजेस या भांडवली बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे लेखापरीक्षक वार्षिक हिशेब पूर्ण होण्याआधीच बाहेर पडले, तेव्हा गुंतवणूकदारांत खळबळ उडाली होती. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये सेबीने नोंदणीकृत कंपन्यांसाठी नियम केला की, तिमाही किंवा वर्षाचा अहवाल अर्धवट टाकून लेखापरीक्षकाने जाऊ नये. कुठल्या तारखेला राजीनामा दिला तर कोणत्या तिमाहीपर्यंतचे काम पुरे करायचे, हेही त्यात ठरवून दिले.

म्हणून निधनाने रिकामी झालेली जागा आणि राजीनाम्याने रिकामी झालेली जागा यांत कायदा फरक करतो. निधनाच्या बाबतीत मंडळाचा ठराव पुरतो. राजीनाम्याच्या बाबतीत मंडळाने केलेली नेमणूक तीन महिन्यांच्या आत भरलेल्या सर्वसाधारण सभेत भागधारकांनीही मान्य करावी लागते. लेखापरीक्षक का गेला, हे त्यांना विचारता यावे, एवढाच त्यामागचा हेतू. १९५६ च्या जुन्या कायद्यात तर राजीनाम्याची जागा भरण्याचा अधिकार मंडळाला नव्हताच. ती फक्त सर्वसाधारण सभेने भरायची. नव्या कायद्याने मंडळाला सवलत दिली, पण भागधारकांचा हात सोडला नाही.

आता एक उदाहरण घेऊ, म्हणजे तारखांचे गणित डोळ्यासमोर येईल. समजा, भोसरीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक खासगी कंपनी आहे. तीन संचालक, अकरा भागधारक, बहुतेक एकाच कुटुंबातले. तिच्या लेखापरीक्षकांनी शुक्रवार, १० जानेवारी २०२५ रोजी राजीनाम्याचे पत्र दिले आणि राजीनामा त्याच दिवसापासून लागू झाला. तीस दिवस ९ फेब्रुवारीला संपतात, आणि त्या दिवशी रविवार आहे. शेवटच्या दिवसावर विसंबणाऱ्यांना असले रविवार नेहमी भेटतात.

पहिले काम राजीनामा देणाऱ्याचे. त्याने तीस दिवसांत कंपनी निबंधकाकडे ADT-3 हा फॉर्म भरायचा आणि राजीनाम्याची कारणे त्यात लिहायची. तो भरला नाही तर दंड लेखापरीक्षकाला होतो. पण अडचण कंपनीलाही होते, कारण नव्या नेमणुकीच्या फॉर्ममध्ये त्या ADT-3 चा क्रमांक द्यावा लागतो. म्हणून मंडळाची सभा बोलावण्याआधीच मी जुन्या लेखापरीक्षकांना फोन करते आणि फॉर्म भरल्याची पावती मागून घेते. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक कारण' किंवा 'इतर कामाचा व्याप' एवढेच असेल तर संचालकांनी जरा खोदून विचारावे, असे माझे मत आहे. भागधारक उद्या तेच विचारणार आहेत.

दुसरे काम नवा लेखापरीक्षक शोधण्याचे, आणि छोट्या कंपन्या इथे हमखास घसरतात. "आपले नेहमीचे सीए आहेत ना, तेच सही करतील," असे संचालक म्हणतात. हे नेहमीचे सीए बहुधा कंपनीची खाती लिहीत असतात. स्वतः लिहिलेली खाती स्वतःच तपासायला कलम १४४ ची सक्त मनाई आहे. कर विवरणपत्र भरून देणे चालते. जमाखर्च लिहून देणे चालत नाही. लेखापरीक्षकाचा सख्खा भाऊ किंवा मुलगा कंपनीत संचालक असेल तर तो अपात्र. त्याच्या स्वतःच्या नावावर कंपनीचा एक जरी समभाग असेल तरी अपात्र. म्हणून नव्या उमेदवाराकडून दोन कागद सभेआधी लेखी घ्यायचे. एक, नेमणुकीला संमती. दुसरे, आपण कलम १४१ प्रमाणे पात्र आहोत, आपल्याकडच्या कंपन्यांची संख्या मर्यादेत आहे आणि आपल्याविरुद्ध व्यावसायिक वर्तनासंबंधी काही कार्यवाही चालू असल्यास तिची दिलेली यादी खरी आहे, असे प्रमाणपत्र. हे कागद ठरावानंतरच्या तारखेचे असले तर ठराव कच्चा राहतो. कायदा नेमणुकीच्या आधीची संमती मागतो.

नव्या माणसावरही एक बंधन असते. सनदी लेखापालांच्या आचारसंहितेप्रमाणे दुसऱ्याने सोडलेले काम घेण्याआधी त्याला लेखी कळवावे लागते आणि जुन्याची निर्विवाद फी थकलेली असेल तर नव्याने काम स्वीकारायचे नसते. भोसरीच्या आपल्या कंपनीने गेल्या वर्षाची फी थकवली असेल, तर नवा सनदी लेखापाल "आधी त्यांचे पैसे देऊन टाका" असेच म्हणेल, आणि तीस दिवसांतले दहा दिवस त्यात जातील. फोनवर बोलून "हरकत नाही" म्हटल्याचे पुरत नाही. पत्र पोचल्याचा पुरावा ठेवावा लागतो.

मंडळाच्या सभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यायची असते. ती १७ जानेवारीला गेली आणि सभा सोमवार, २७ जानेवारीला भरली, असे धरू. आता ठरावाचा मसुदा. मराठीत लिहायचा तर तो मी असा लिहीन :

"असे ठरविण्यात येते की, मे. (जुन्या संस्थेचे नाव), सनदी लेखापाल, संस्था नोंदणी क्र. (…), यांनी दि. १० जानेवारी २०२५ च्या पत्रान्वये राजीनामा दिल्यामुळे कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षकाची अचानक रिक्त झालेली जागा भरण्यासाठी, कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३९(८) व इतर लागू तरतुदी आणि कंपनी (लेखापरीक्षा व लेखापरीक्षक) नियम, २०१४ यांना अनुसरून, मे. (नव्या संस्थेचे नाव), सनदी लेखापाल, संस्था नोंदणी क्र. (…), यांची दि. २७ जानेवारी २०२५ पासून कंपनीच्या आगामी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या समाप्तीपर्यंत वैधानिक लेखापरीक्षक म्हणून, सर्वसाधारण सभेत भागधारकांच्या मान्यतेस अधीन राहून, नेमणूक करण्यात येत आहे. त्यांची दि. (…) ची लेखी संमती व पात्रतेचे प्रमाणपत्र मंडळासमोर ठेवण्यात आले व त्यांची नोंद घेण्यात आली.

असेही ठरविण्यात येते की, आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या लेखापरीक्षेसाठी रु. (…) अधिक लागू कर व प्रत्यक्ष खर्च इतके मानधन ठरविण्याची शिफारस मंडळ भागधारकांकडे करीत आहे.

असेही ठरविण्यात येते की, वरील नेमणुकीस मान्यता घेण्यासाठी भागधारकांची विशेष सर्वसाधारण सभा सोमवार, दि. ३ मार्च २०२५ रोजी सकाळी ११ वाजता कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात बोलाविण्यात यावी, सभेच्या सूचनेचा व स्पष्टीकरणात्मक निवेदनाचा मंडळासमोर ठेवलेला मसुदा मान्य करण्यात यावा आणि श्री./श्रीमती (…), संचालक, यांना ही सूचना पाठविण्याचा, निबंधकाकडे आवश्यक ते फॉर्म दाखल करण्याचा व त्यासाठी लागणारी सर्व कार्यवाही करण्याचा अधिकार देण्यात यावा."

मसुद्यात शोभेचे शब्द नाहीत. 'राजीनामा दिल्यामुळे' या दोन शब्दांमुळे भागधारकांची सभा बंधनकारक होते. तिथे 'काम सोडल्यामुळे' किंवा 'जागा रिक्त असल्यामुळे' असे लिहिले की वाचणाऱ्याला कारण कळत नाही, आणि कारण कळले नाही तर प्रक्रिया पुरी झाली की नाही हेही कळत नाही. 'आगामी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या समाप्तीपर्यंत' हे दुसरे कळीचे वाक्य. मंडळाला एवढीच मुदत देता येते. एक वर्ष नाही, पाच वर्षे नाहीत, '३१ मार्चपर्यंत' असेही नाही. माझ्यासमोर आलेल्या त्या जुन्या ठरावात नेमके इथेच पाच वर्षे घातली होती.

मानधनाच्या परिच्छेदात 'शिफारस' हा शब्द मी मुद्दाम ठेवते. लेखापरीक्षकाचे मानधन सर्वसाधारण सभेने, किंवा सभा ठरवील त्या पद्धतीने, निश्चित करायचे असते. कंपनीच्या अगदी पहिल्या लेखापरीक्षकाचे मानधन मंडळाला ठरवता येते; नंतरच्यांचे परस्पर ठरवता येत नाही. बहुतेक मसुद्यांत 'मंडळ व लेखापरीक्षक परस्पर संमतीने ठरवतील' असे एक वाक्य असते. भागधारकांनी त्या पद्धतीला मान्यता दिली असेल तर ते बरोबर आहे; पण मान्यतेआधी मंडळाच्या ठरावातच ते पक्के केले तर नाही.

काही कंपन्यांत लेखापरीक्षण समिती असते. तिथे आणखी एक वाक्य लागते, 'लेखापरीक्षण समितीची शिफारस विचारात घेऊन', आणि समितीची सभा मंडळाच्या सभेआधी झालेली असावी लागते. भोसरीच्या आपल्या कंपनीला ही समिती बंधनकारक नाही, तेव्हा ते वाक्य नको. दुसऱ्या कंपनीच्या फाइलमधून ठराव उचलणारे लोक हे वाक्यही उचलतात आणि अस्तित्वातच नसलेल्या समितीची शिफारस इतिवृत्तात नोंदवून ठेवतात.

२७ जानेवारीपासून तीन महिने २७ एप्रिलला संपतात. भागधारकांच्या सभेला पूर्ण एकवीस दिवसांची सूचना लागते. सूचना पाठवल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस सोडून मोजायचे. कुरियरने पाठवली तर वर दोन दिवस धरायचे. ७ फेब्रुवारीला सूचना गेली तर ८ फेब्रुवारी ते २ मार्च हे बरोबर तेवीस दिवस होतात, म्हणून मसुद्यात ३ मार्च लिहिला आहे. सूचनेसोबतच्या निवेदनात जुने लेखापरीक्षक कधी व का गेले, हे सांगायचे. साधा ठराव, म्हणजे नुसते बहुमत, पुरते. सभा झाली की पंधरा दिवसांत, १८ मार्चपर्यंत, कंपनीने ADT-1 फॉर्म भरायचा. त्यात जागा अचानक रिकामी झाली होती का, याचे उत्तर 'हो' द्यायचे, रिकामी झाल्याची तारीख घालायची आणि मघाशी मागून ठेवलेला ADT-3 चा क्रमांक लिहायचा.

तीस दिवस किंवा तीन महिने हुकले तर काय? कायद्यात मुदत वाढवून देणारी सोय या पोटकलमात नाही. कलम १४७ प्रमाणे कंपनीला पंचवीस हजार ते पाच लाख रुपये आणि जबाबदार अधिकाऱ्याला दहा हजार ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो. उशीर झाला तर निदान भागधारकांची सभा ताबडतोब बोलवावी आणि इतिवृत्तात उशिराचे खरे कारण नोंदवावे. राजीनाम्याच्या पत्रावर मागची-पुढची तारीख टाकून दिवसांचा मेळ घालायचा मोह मी अनेकदा पाहिला आहे. त्या पत्राची एक प्रत जुन्या लेखापरीक्षकांकडे असते, ईमेलवर तिची वेळ उमटलेली असते आणि ADT-3 मध्ये तारीख वेगळी निघाली की दंडाच्या प्रकरणाचे खोट्या कागदाचे प्रकरण होते. चाळीसाव्या दिवशी प्रामाणिकपणे केलेली नेमणूक निस्तरता येते. तिसाव्या दिवशी केली असे भासवलेली निस्तरता येत नाही.

राजीनामा जुलैमध्ये आला तर चित्र थोडे बदलते. वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये आहे, तीन महिन्यांच्या आतच आहे, तेव्हा वेगळी विशेष सभा कशाला, असे कंपन्या म्हणतात आणि ते योग्यच आहे. पण मग वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत दोन स्वतंत्र विषय लागतात. एक, मंडळाने केलेल्या, याच सभेच्या समाप्तीपर्यंतच्या नेमणुकीला मान्यता. दुसरा, या सभेच्या समाप्तीपासून पुढे पाच वर्षांसाठी नवी नेमणूक. माणूस तोच, नेमणुका दोन. दोन्ही एकाच वाक्यात कोंबल्या की मधल्या काळात हिशेबावर कोणाच्या अधिकाराने सही झाली, हा प्रश्न उघडा राहतो.

भोसरीच्या कंपनीला मात्र जानेवारीत काम उरकल्याचा एक फायदा होतो, जो कागदावर दिसत नाही. ३१ मार्चला तिच्या गोदामात मालाची मोजदाद होते. पोलादाच्या सळ्या, अर्धवट झालेले भाग, तयार खोकी. तिथे नवे लेखापरीक्षक किंवा त्यांचा माणूस उभा राहून मोजणी पाहू शकतो. नेमणूक मे महिन्यात झाली असती, तर त्यांना मागच्या तारखेचा साठा नंतरच्या आवकजावकेवरून उलटा मोजत बसावे लागले असते आणि समाधान झाले नाही तर अहवालात तशी मर्यादा नोंदवावी लागली असती. सुरुवातीच्या शिलकांचे कामही आहेच. आदल्या वर्षीचे हिशेब दुसऱ्यांनी तपासलेले असतात, तेव्हा त्या शिलका बरोबर पुढे आल्या आहेत की नाही, हे नव्यांना स्वतंत्रपणे पडताळावे लागते. त्यालाही वेळ लागतो.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा. भागधारक वर्षाचे हिशेब स्वीकारतात आणि त्याच लेखापरीक्षकांना हवे असल्यास पाच वर्षांसाठी नेमतात. ही सभा पहिली धरून सहाव्या वार्षिक सभेच्या समाप्तीपर्यंत, म्हणजे २०३० च्या सभेपर्यंत. त्यासाठी नवी संमती, नवे प्रमाणपत्र आणि पुन्हा पंधरा दिवसांत ADT-1. जानेवारीतला ठराव सभा संपता संपता संपतो आणि इतिवृत्ताच्या पुस्तकात नवे पान सुरू होते.